तेवढ्याच कॅलरीत भरलेली प्लेट: तर्री पोह्यांचा हिशेब

शंभर कॅलरी म्हणजे नेमकं किती खाणं? बारीक शेवेत मोजलं तर साधारण 18 ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ. नागपुरी संत्र्यात मोजलं तर सोललेल्या फोडींचे 220 ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची दोन-अडीच संत्री. शेव गप्पा मारता मारता संपते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. अडीच संत्री सोलून, बिया काढून खाल्ली की तिसऱ्याला बहुतेक जण हात लावत नाहीत. शरीराला दोन्हीकडून मिळालेली ऊर्जा सारखीच असते, पोटाला मात्र तसं वाटत नाही.

या फरकाला ऊर्जा घनता म्हणतात. व्याख्या सोपी आहे: पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत. पाकिटामागे दर 100 ग्रॅमला जो ऊर्जेचा आकडा छापलेला असतो, त्याला शंभराने भागलं की झालं. बिस्किटांच्या पुड्यावर 480 लिहिलं असेल तर घनता 4.8. (पाकिटावर ‘किलोकॅलरी’ असतं, आपण बोलताना तिलाच कॅलरी म्हणतो.) पाणी शून्यावर आणि तेल नऊवर. आपण खातो ते सगळं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतं.

कुठे बसतं ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट पाणी. पाण्याला वजन आहे, कॅलरी नाही. दुसरी गोष्ट स्निग्ध पदार्थ. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं एका ग्रॅमला चार कॅलरी देतात, तेल-तूप नऊ. तंतूंचाही थोडा हात असतो, कारण ते वजन देतात आणि त्यांच्यातून ऊर्जा कमी मिळते. पण पाणी आणि तेलासमोर त्यांचा वाटा लहान. हे सगळं एकाच धान्यात बघायचं असेल तर पोहे घ्या. डब्यातल्या कोरड्या पोह्यांची घनता साधारण 3.5. ते धुऊन निथळले की जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितात आणि घनता 1.7 च्या आसपास उतरते. तेच पोहे तळून चिवडा केला की पाणी उडतं, तेल आत शिरतं आणि आकडा पाचच्या घरात जातो. धान्य एकच, पण 1.7 आणि 5 मधलं अंतर फार मोठं आहे.

आमच्याकडे आहाराबद्दल विचारायला येणाऱ्या बायकांचा नेहमीचा प्रश्न असतो, “ताई, पोहे बंद करू का?” मला हा प्रश्न ऐकून वाईट वाटतं, कारण त्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की कमी कॅलरी म्हणजे कमी जेवण, आणि कमी जेवण म्हणजे उपाशी उठणं. पोहे बंद करायची गरज नाही. त्या प्लेटमध्ये काय किती आहे ते एकदा नीट मांडून बघायची गरज आहे.

पोट वजन का मोजतं

आपण एका बैठकीला किती खातो हे ठरवताना कॅलरीपेक्षा खाण्याचं वजन आणि आकारमान जास्त बोलतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की माणसं साधारण सवयीच्या वजनाइतकं खातात. जेवणाची घनता कमी केली तरी ताटातलं वजन फारसं वाढवत नाहीत, आणि तरी भूक जास्त लागल्याची तक्रार करत नाहीत.

यातला 1999 चा एक प्रयोग मला स्वयंपाकघरासाठी सगळ्यात उपयोगाचा वाटतो. काही स्त्रियांना दुपारच्या जेवणाआधी चिकन, भात आणि भाज्यांचा 270 कॅलरींचा एक पदार्थ दिला. एके दिवशी तो तसाच दिला. एके दिवशी त्याच्यासोबत पाण्याचा मोठा ग्लास दिला. आणि एके दिवशी तेच पाणी पदार्थात घालून त्याचं सूप केलं. तिन्ही वेळा जिन्नस तेच, कॅलरी त्याच. त्यानंतर समोर आलेलं जेवण मनाला येईल तेवढं खायचं होतं. सूपच्या दिवशी त्यांनी जेवणात सुमारे 100 कॅलरी कमी खाल्ल्या. ग्लासभर पाणी वेगळं प्यायलेल्या दिवशी मात्र काही फरक पडला नाही.

याचं कारण पोटाच्या कामात आहे. जठर ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंकडून मेंदूला खबर जाते. नुसतं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे तो ताण टिकत नाही. डाळीत, भाजीत, रश्श्यात बांधलं गेलेलं पाणी अन्नाबरोबर जठरात थांबतं आणि हळूहळू पुढे जातं. पुढे लहान आतड्यात प्रथिनं आणि स्निग्धांश पोचले की तिथून ‘आता पुरे’ सांगणारी संप्रेरकं निघतात. म्हणजे पोट भरण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली वजनाची, ती जेवताना जाणवते. दुसरी प्रथिनांची आणि थोड्या स्निग्धांशाची, ती पुढचे तीन-चार तास सांभाळते. घनता कमी करताना ही दुसरी पायरी काढून टाकली तर काय होतं, ते पुढे सांगते.

एक प्लेट, दोन प्रकारे

आता तर्री पोहे. नागपुरात सकाळी कुठल्याही चौकात मिळणारी ही प्लेट: वाफेवरचे पोहे, त्यावर चण्याची लाल तर्री, वरून शेव, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. घरी एका माणसासाठी करतो त्या मापाने मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेबाला पुरेसे आहेत.

पोह्यांत कोरडे पोहे 60 ग्रॅम घेतले, त्यांच्या 210 कॅलरी. फोडणीचं तेल दोन लहान चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, त्याच्या 90. फल्लीदाणे 10 ग्रॅम, 55. थोडा कांदा, 10. इथवर 365 झाल्या. तर्रीत एका वाट्याला कोरडे चणे 15 ग्रॅम, 55 कॅलरी. तेल 10 ग्रॅम, 90. कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण, 40. तर्रीच्या झाल्या 185. वरून 15 ग्रॅम शेव, 80. एकूण 630 कॅलरी.

वजन किती? भिजून शिजलेले पोहे, तेल, दाणे, कांदा मिळून 155 ग्रॅम. तर्री एक पळी, 100 ग्रॅम. शेव 15. एकूण 270 ग्रॅम. म्हणजे घनता 630 भागिले 270, साधारण 2.3.

आता या 630 कॅलरी कुठे बसल्या आहेत ते पहा. दोन्हीकडचं तेल आणि शेव मिळून 260. म्हणजे प्लेटमधल्या 35 ग्रॅमनी चाळीस टक्क्यांहून जास्त कॅलरी घेतल्या आहेत. पोट भरायला त्या 35 ग्रॅमची जवळजवळ काहीच मदत होत नाही. इथेच कात्री लावायची.

पोह्यांतलं तेल 10 वरून 5 ग्रॅम केलं. तर्रीतलं 10 वरून 4. शेव 15 वरून 5. पोहे तेवढेच ठेवले, दाणे तेवढेच, वाटण तेवढंच. साधारण 150 कॅलरी मोकळ्या झाल्या. या 150 वाचवून कमी खायचं नाही. त्या परत प्लेटमध्ये घालायच्या, पण पाणी आणि प्रथिनं बाळगणाऱ्या वस्तूंच्या रूपाने.

पोह्यांत कांदा 50 ग्रॅम वाढवला, 20 कॅलरी. मटार 40 ग्रॅम, 30. तर्रीत भेदरं, म्हणजे टमाटर, 50 ग्रॅम घातलं, 10. कोरडे चणे 15 ग्रॅम वाढवून दुप्पट केले, 55. आणि शेजारी सोललेलं एक लहान संत्रं, 80 ग्रॅम, 35. झाल्या 150. प्लेट पुन्हा 630 वर आली.

वजन मात्र बदललं. पोहे 230 ग्रॅम झाले. तर्री, वाढलेले चणे, भेदरं आणि अर्धी वाटी जास्त पाणी धरून, 215. शेव 5, संत्रं 80. एकूण 530 ग्रॅम. घनता 2.3 वरून 1.2 वर आली, म्हणजे जवळपास निम्मी. कॅलरीला धक्का न लावता प्लेट दुप्पट झाली, आणि चणे-मटारामुळे प्रथिनं आणि तंतूही वाढले.

ज्यांना वजन कमी करायचं आहे त्यांनी इथे आणखी एक गोष्ट पाहावी. अर्धा किलोची ही प्लेट अनेकांना पूर्ण संपवता येत नाही. कुणी तीन-चतुर्थांश खाऊन थांबलं, तर 470 च्या आसपास कॅलरी पोटात गेल्या आणि तरी खाल्लेलं वजन आधीच्या पूर्ण प्लेटपेक्षा जास्तच भरलं. कॅलरी कमी होणार असतील तर त्या अशा कमी व्हाव्यात, पोट भरल्यावर आपण स्वतः थांबून.

तर्रीची चव न घालवता

हे वाचून पहिली शंका येईल ती चवीची, आणि ती रास्त आहे. तर्रीतून तेल काढलं की उरतं ते तिखट पाणी, असं अनेकांच्या घरी होतं. याचं कारण असं की लाल मिरचीचा रंग आणि मसाल्याचा बराचसा सुवास तेलातच विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून तेल शून्यावर नेणं ही चूक आहे. चार माणसांच्या तर्रीला तीन मोठे चमचे तेल लागतं असं आपण समजतो. खरी गरज एका मोठ्या चमच्याला थोडं वर, म्हणजे 16 ग्रॅमची असते. पण ते योग्य वेळी वापरायला हवं.

वाटणाचा कांदा तेलात परतू नये. तो गॅसवर जाळीत किंवा कोरड्या तव्यावर काळपट होईतो भाजावा. खोबरं, खसखस, खडा मसाला कोरडाच भाजावा. खोबऱ्याला स्वतःचं तेल पुरेसं असतं. हे सगळं वाटून, चणे आणि भेदऱ्याबरोबर बिनतेलाचं उकळू द्यावं. शेवटी छोट्या कढल्यात ते 16 ग्रॅम तेल तापवून गॅस बंद करावा, दहा-पंधरा सेकंद थांबावं आणि मग भिवापुरी मिरचीची पूड घालावी. तेल फार गरम असेल तर मिरची करपते, रंग तपकिरी होतो आणि कडवट वास येतो. बरोबर असेल तर तेल लगेच लालभडक होतं. ही फोडणी वरून ओतली की पृष्ठभागावर पातळ लाल थर दिसतो आणि पहिल्या घासाला तर्रीच वाटते. डोळ्यांना आणि नाकाला जे हवं असतं ते त्या पातळ थरात मिळतं. खाली तेलाचं तळं असण्याची गरज नसते.

पाणी वाढवल्यावर रस्सा अळणी लागतो आणि हात मिठाकडे जातो. तिथे सावध राहावं. रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत कॅलरीतून कमावलेलं मिठातून घालवल्यासारखं होईल. त्याऐवजी मूठभर शिजलेले चणे वाटून रश्श्यात घालावेत, दाटपणा येतो. आणि लिंबू, सांबार सढळ हाताने वापरावेत.

बाहेर खाताना एवढं आपल्या हातात नसतं. पण पातेल्यात तवंग वर आणि रस्सा-चणे खाली असतात, आणि पळी कुठून भरायची हे सांगता येतं. “भाऊ, तर्री खालून द्या, चणे जास्त, शेव कमी” एवढं म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही.

घरच्या भांड्याची घनता कशी काढायची

पाकिटावर आकडा असतो, घरच्या भाजीवर नसतो. पण स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तो काढणं अवघड नाही. भांडं रिकामं असताना तोलून ठेवायचं. कच्चे जिन्नस घालताना त्यांची वजनं लिहायची, आणि त्यांच्या कॅलरी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांवरून घ्यायच्या. शिजल्यावर भांडं पुन्हा तोलायचं आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायचं. एकूण कॅलरीला या शिजलेल्या वजनाने भागायचं.

लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे हमखास असते ती डाळभाजी घ्या. तुरीची डाळ 100 ग्रॅम, 340 कॅलरी. पालक अर्धा किलो, 125. फल्लीदाणे 40 ग्रॅम, 220. तेल 20 ग्रॅम, 180. कांदा-भेदरं मिळून 150 ग्रॅम, 50. एकूण 915. शिजून भांड्यात दीड किलो भाजी झाली तर घनता 0.6. म्हणजे 250 ग्रॅमची भरलेली वाटी फक्त 150 कॅलरींची, आणि तिच्यात डाळ आणि दाण्यांची प्रथिनं आहेत. कमी घनतेचं जेवण म्हणजे वाटीभर फिक्या काकड्या, असं वाटणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या घरातल्या पातळ भाज्या, वरण, कढी हे सगळे या वर्गातले आहेत. त्यांना ताटात कोपऱ्यातली वाटी मिळते आणि पोळीला मधली जागा. ते उलट करून बघण्यासारखं आहे.

इथे सगळ्यांना चकवणारी एक गोष्ट सांगते. नुसत्या घनतेने पाहिलं तर शिजलेला भात 1.3 असतो आणि कोरडी पोळी पावणेतीनच्या आसपास, कारण भातात पाणी जास्त असतं. म्हणजे भात पोळीपेक्षा हलका ठरला का? नाही. भात न चावता भराभर जातो, आणि पांढऱ्या तांदळात तंतू कमी असल्याने रक्तातली साखर लवकर वाढते. घनतेचा आकडा पहिली पायरी सांगतो, दुसरी सांगत नाही. म्हणून भात खायचा तर पाऊण वाटी भातावर दीड वाटी डाळभाजी अशा प्रमाणात खावा. तेव्हा दोन्ही पायऱ्या सांभाळल्या जातात.

हिशेब कुठे फसतो

पहिली फसगत भाजीच्या नावावर होते. कच्च्या वांग्याची घनता जेमतेम 0.25. पण वांग्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो. कढईत सोडला की तेल पिऊन घेतो. भरल्या वांग्यात वरून दाण्याचा कूट आणि खोबरं पडतं, आणि ‘भाजीच तर खाल्ली’ म्हणता म्हणता आकडा दोनच्या पुढे जातो. ओळखायचं कसं? भाजी संपल्यावर ताटाला लाल-पिवळं तेल लागलेलं राहिलं, तर ती भाजी पाण्याच्या बाजूची नव्हती. उपाय म्हणजे वांगी आधी वाफवून मग मसाल्यात घालणं, किंवा सरळ विस्तवावर भाजून भरीत करणं. वाफेने किंवा आगीने गर बसतो, पोकळ्या मिटतात आणि मग तेल शिरायला जागा राहत नाही.

दुसरी फसगत पेयांची. उसाचा रस, लस्सी, सरबत यांची घनता एकच्याही खाली असते, कारण ते बहुतेक पाणीच. आकड्यावरून ते डाळभाजीच्या शेजारी बसतात, पण पोटात तसे वागत नाहीत. पातळ गोड पेय जठरातून लवकर निघून जातं आणि पुढच्या जेवणात त्याची भरपाई होत नाही. रोल्स यांच्याच 2009 च्या एका प्रयोगात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लेल्यांनी जेवणात सगळ्यात कमी खाल्लं. तेवढ्याच कॅलरींचं सफरचंद शिजवून मऊ केलं तर परिणाम कमी झाला, आणि रस दिला तर आणखी कमी. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना दिवसभर काहीतरी पीत राहणं नागपुरात गरजेचंच असतं. ती गरज पाणी, माठातलं ताक, लिंबूपाणी यांनी भागवावी आणि संत्री फोडी करून खावीत. साखरेच्या पेयांचा हिशेब घनतेत धरू नये, तो वेगळा मांडावा.

तिसरी फसगत कोरड्या ‘डाएट’ पदार्थांची. भाजलेला खाकरा, ओट्सची बिस्किटं, मुरमुऱ्याचा चिवडा: तेल कमी असलं तरी यांच्यात पाणीच नाही, त्यामुळे घनता चारच्या खाली क्वचितच येते. मुरमुऱ्यात हवा असते, वाटी भरलेली दिसते आणि त्याचा थोडा फायदा होतोही, पण चार घासांत हवा निघून जाते. त्यापेक्षा त्याच मुरमुऱ्यात कांदा, भेदरं, काकडी आणि मोड आलेली मटकी घालून लगेच खाल्लं, तर तेवढ्याच कॅलरीत दुप्पट-अडीचपट वजन मिळतं.

आणि चौथी, जी मला जास्त काळजीची वाटते. काही जणी हे तत्त्व ऐकून इतक्या उत्साहाने लागतात की दुपारचं जेवण म्हणजे फक्त कोशिंबीर आणि पातळ सूप होऊन बसतं. घनता 0.3, वाडगा भरलेला, पोट तासभर टम्म. दीड तासाने हात थरथरल्यासारखे होतात आणि चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं संपतात. पहिली पायरी चढून दुसरी गाळली की असं होतं. जेवल्यावर दोन तासांच्या आत खरी भूक लागत असेल तर भाजी वाढवू नये, डाळ, चणे, दही, अंडं यांपैकी काहीतरी वाढवावं. माझ्या मते आपल्या पद्धतीच्या पूर्ण जेवणाची घनता एक ते दीडच्या मधे असावी. त्याहून खाली नेऊन फारसं काही मिळत नाही.

तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि वारा धरतो, हेही सांगायला हवं. वरच्या प्लेटमध्ये चणे दुप्पट केले, ते पहिल्याच दिवशी करू नयेत. दर आठवड्याला थोडे वाढवत जावेत, रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि बोटाने सहज चिरडतील इतके शिजवावेत.

या सगळ्याने वजन किती उतरतं? 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्षभर चाललेल्या एका अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या दोन गटांना मोजून-मापून न खाता पोटभर जेवायची मुभा होती. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितलं. दुसऱ्याला तेही सांगितलं आणि शिवाय फळं, भाज्या, पाणीदार पदार्थ वाढवायला सांगितलं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी 6.4 किलो उतरलं, दुसऱ्याचं 7.9. फरक दीड किलोचा, म्हणजे चमत्कार नव्हे. पण दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना भूक कमी जाणवली, आणि जास्त वजनाचं खाऊन त्या जास्त उतरल्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची घडण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण पोहे-भाताचं प्रमाण बदललं की औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पाण्यावर बंधन असतं, तिथे पाणीदार जेवणाचा सल्ला चालत नाही.

आणि काही घरांत हाच हिशेब उलटा चालवावा लागतो. लहान मुलांचं पोट लहान असतं, आजारातून उठलेल्या माणसाला चार घासांपुढे जेवण जात नाही, आणि म्हातारपणी भूक मंदावते. आजीला पातळ मऊ खिचडीची वाटी दिली, 150 ग्रॅमची, तर तिच्यातून 150 कॅलरी मिळतात, आणि तेवढ्यावर ती “झालं माझं” म्हणून ताट सारते. तिला आणखी एक वाटी खायचा आग्रह करण्यात अर्थ नाही. तेवढी जागाच नसते. त्याच वाटीत एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, तूप आणि 10 ग्रॅम दाण्याचा बारीक कूट घातला तर वजन 15 ग्रॅमनेच वाढतं आणि कॅलरी 100 ने. वाटी 250 कॅलरींची होते आणि घनता दीडवर जाते. खिचडी शिजताना पाणी थोडं कमी ठेवलं, डाळीचं प्रमाण वाढवलं आणि जेवणाआधीचा पाण्याचा पेला जेवणानंतर अर्ध्या तासाने दिला, तर तिच्या त्याच चार घासांत आणखी थोडं बसतं.